लेकराला पाणी किती, अन् कशातून

"ताई, आम्ही अंबाजोगाईला असतो. पोरगी साडेसहा महिन्यांची आहे, वजन 7 किलो, अंगावरच पिते, पंधरा दिवसांपासून वरचं चालू केलंय, नाचणीचं सत्व अन् मुगाची खिचडी. आत्याबाई म्हणतात मे महिन्याचं ऊन आहे, लेकराचा घसा कोरडा पडतो, घासामागं घोट पाणी पाज, दिवसातून दोन-तीन वाट्या तरी पोटात गेलंच पाहिजे. माझी बहीण म्हणते वर्षाची होईपर्यंत पाणीच देऊ नको. महागाचा सिपर आणलाय पण त्याचं तोंड ती नुस्तं चावत बसते, पाणी येतच नाही, अन् ग्लासानं दिलं की ठसका लागतो. शी पण घट्ट व्हायलीय. नक्की किती द्यावं अन् कशातून?"
– एक आई

अगं, आधी आकडा सांगते म्हणजे तुझ्या जीवाला घोर राहणार नाही. आत्ता तुझ्या पोरीला दिवसभरात मिळून 50-60 मिली पाणी पुष्कळ झालं, आणि तेही एकदम नाही, जेवणाबरोबर दोन-दोन घोट करून. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर ते खुणा असलेलं प्लास्टिकचं टोपण असतं ना, 10 मिलीचं, तशी पाच-सहा टोपणं, बस्स. त्यातलं अर्धं हनुवटीवरून खाली सांडणार आहे ते सांडू दे, तेही हिशोबात धरलेलंय. म्हणजे बहीणही बरोबर नाही अन् आत्याबाईंचं माप पण जास्तीचं आहे, पण दोघींचं म्हणणं कुठून येतं ते मला कळतंय.

बहिणीनं जे ऐकलंय ते सहा महिन्यांच्या आतल्या लेकरांसाठी आहे, तिथं खरंच पाण्याचा थेंब पण नको, उन्हाळा असला तरी नको, कारण आईच्या दुधात 100 भागांतले 87-88 भाग पाणीच असतं. सहा महिने झाले, वरचं सुरू झालं, की घोट-घोट पाणी चालू करायचं. आणि आत्याबाईंचं म्हणाल तर त्यांनी आयुष्यभर मराठवाड्यातला उन्हाळा बघितलाय, 42-43 डिग्रीत मोठ्या माणसाची जीभ टाळ्याला चिकटते तर लेकराचं काय होत असेल असं त्यांना वाटणारच, त्यात त्यांची चूक काहीच नाही. फक्त लेकराचं पाणी कुठून येतंय ते डोळ्याला दिसत नाही, म्हणून गडबड होते.

आता ते कुठून येतंय ते तुझ्या पोरीच्याच अंगावर मांडून दाखवते. ह्या वयाला दिवसाकाठी सगळं मिळून 700 ते 800 मिली पाणी लागतं, दूध, खाणं, घोट सगळं धरून. तुझी पोरगी 7 किलोची, म्हणजे साधारण किलोला 100 मिली धर, 700 झालं. अंगावर चांगली पीत असेल तर 600-700 मिली दूध सहज जातं पोटात, त्यातलं पाणीच 550-600 भरतं. नाचणीचं सत्व अन् खिचडी दोन्ही मिळून वाटीभर खाल्लं तर त्यातही चांगलं 80-100 मिली पाणी असतंच, कारण आपण ते शिजवतोच पाण्यात. मग उरलं काय? 50 मिलीच्या आसपास. ते तुझे घोट. वाट्या कुठं बसतात सांग ह्यात?

आणि बसवल्या तर काय होतं तेही बघ, खरी भानगड ती आहे. ह्या वयात पोटात एका वेळी किलोला अंदाजे 30 मिली मावतं, म्हणजे तुझ्या पोरीचं पोट साधारण 200 मिलीचं. त्यात 100 मिली पाणी ओतलं तर अर्धं पोट भरलं, आणि मग ती अंगावर नीट ओढणार नाही, घास पण ढकलून देणार. 100 मिली दूध कमी गेलं म्हणजे 65-70 कॅलरी गेल्या. आता सहा ते आठ महिन्यांच्या लेकराला वरच्या खाण्यातून दिवसाला 200 कॅलरी मिळाव्यात असं धरतात, म्हणजे तू दिवसभर मरमर करून जे भरवतेस त्यातला तिसरा हिस्सा एका वाटीभर पाण्यानं घालवला. पाण्यात कॅलरी नाही, प्रोटीन नाही, लोह नाही, नुस्तं पोट भरल्यासारखं वाटतं. वर अंगावर कमी ओढलं की दूध पण कमी यायला लागतं, मग घरात बोलणं सुरू होतं की तुझं दूधच आटलं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. मी बरीच वर्षं लहान लेकरांच्या वॉर्डात सिस्टर होते, आणि असली लेकरं ढिगानं बघितली, पण एक आमच्या गल्लीतलंच सांगते. आठ महिन्यांचं पोरगं, सहाव्या महिन्यात 7 किलो 400 ग्रॅम होतं, दोन महिन्यांनी वजन केलं तर साडेसात. दोन महिन्यांत 100 ग्रॅम! ह्या वयात महिन्याला कमीत कमी अडीचशे-तीनशे ग्रॅम वाढायला पाहिजे. ताप नाही, जुलाब नाही, लेकरू हसतंय खेळतंय. दवाखान्यात दाखवलं, रक्त तपासलं, काही निघालं नाही. मग मी त्याच्या आईला म्हटलं उद्या मला दिवसभराचं सगळं लिहून दाखव, काय दिलं किती दिलं. तिनं वहीच्या पानावर लिहून आणलं. सकाळी उठल्यावर रडला, सिपर दिला. आंघोळीनंतर झोपायच्या आधी सिपर. दुपारी ऊन म्हणून सिपर. संध्याकाळी सिपर. सिपर 150 मिलीचा. आणि जेवायला? दोन्ही वेळा वरणाचं वरचं पाणी, वाटी-वाटी, कारण "लेकराला पचायला हलकं". म्हणजे बघ, 500-600 मिली नुस्तं पाणी आणि वरून दोन वाट्या पिवळं पाणी! पोरगं दिवसभर पीत होतं अन् उपाशी होतं.

आम्ही फक्त दोन गोष्टी केल्या. सिपर कपाटात ठेवला आणि रडलं की आधी अंगावर घ्यायचं ठरवलं, पाणी फक्त ताटाबरोबर छोट्या पेल्यानं. आणि वरणाचं पाणी बंद करून खालची डाळ घोटून भाताबरोबर द्यायची, वर तूप. तीन आठवड्यांनी काट्यावर बसवलं तर 250 ग्रॅम वाढलेलं. दुसरं काहीच औषध नाही.

म्हणून तुला पण विचारते, तू देतेस ती खिचडी चमच्यावर टिकते का गं? चमचा थोडा वाकडा केला अन् ती पटकन ओघळून गेली तर ती खिचडी नाही, ते पाणीच आहे, आणि ते पण पाण्याच्या हिशोबात धरायचं. हळूहळू घरंगळली पाहिजे. सत्व पण तसंच, दूध-पाणी घालून पातळ करायचं नाही, चमच्याला धरून राहील इतकं दाट. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून घोटून दिल्या तरी धकतंय.

आता वाढवायचं कधी? खाणं वाढतं तसं पाणी वाढतं, वेगळं काही करावं लागत नाही. आठव्या महिन्याच्या पुढं तीन वेळा जेवायला लागली, घट्ट खायला लागली, की दिवसाला 100-120 मिली. नऊ महिन्यांनंतर भाकरी वरणात कुस्करून खाईल तेव्हा 150-200. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सहा महिने ते वर्ष ह्या वयासाठी दिवसाला 120 ते 240 मिली सांगितलंय, पण ते सुरुवातीच्या पंधरा दिवसांत गाठायचं टार्गेट नाही, वर्षाकडं जाता-जाता तिथपर्यंत पोहोचायचं असतं. पावडरचं दूध पिणाऱ्या लेकराला पण हेच माप, फक्त पावडर डब्यावर लिहिलेल्या मापानंच कालवायची, उन्हाळा आहे म्हणून एक चमचा कमी टाकून पातळ अजिबात करायची नाही.

हे "अजिबात" मी उगाच म्हणत नाहीये. लहान लेकराच्या किडनीला जास्तीचं पाणी भराभर बाहेर टाकता येत नाही, मग रक्तातलं मीठ पातळ होतं, सोडियम म्हणतात ते. लेकरू सुस्त पडतं, उलट्या करतं, अंग गार लागतं, आणि जास्तच झालं तर झटके येतात. घोट-घोट देणाऱ्या आईच्या लेकराला हे होत नाही, हे होतं पातळ दूध पाजणाऱ्यांकडं नाहीतर सारखा सिपर-बाटली तोंडात ठेवणाऱ्यांकडं. पण तसं काही दिसलं, लेकरू नेहमीसारखं डोळे उघडून बघत नाहीये असं वाटलं, तर घरी बसायचं नाही, गाडी काढून दवाखाना गाठायचा.

उन्हाचं. ऊन आहे हे खरं आहे, 42 डिग्रीत लेकराला जास्त लागतंच. पण जास्तीचं आधी अंगावरून द्यायचं. दुपारी बारा ते चार एक-दोन वेळा जास्त पाज, दोन-दोन मिनिटं ओढून सोडलं तरी चालतं, उन्हाळ्यात लेकरं तसंच करतात, पोट भरायला नाही तर तहानेला पितात. आणि तू स्वतः पाणी पी गं, पाजायला बसायच्या आधी तांब्या जवळ घेऊन बसत जा. एवढं करून वर तिला दुपारी आणखी दोन टोपणं पाणी दिलंस तर काही बिघडत नाही.

तिला पुरतंय का नाही हे ओठ बघून ठरवू नकोस, पंख्याखाली, कूलरसमोर झोपलेल्या लेकराचे ओठ कोरडे पडणारच. लंगोट बघ. चोवीस तासांत सहा वेळा तरी चांगला ओला झाला पाहिजे, आणि शू फिकट, पाण्यासारखी पाहिजे. डायपर लावत असशील तर त्यात काहीच कळत नाही, तो सगळं शोषून घेतो, म्हणून एखादा दिवस सकाळपासून दुपारपर्यंत पांढऱ्या सुती कापडाचा लंगोट बांध अन् मोज. कपड्यावर गडद पिवळा किंवा विटकरी डाग पडायला लागला, सहा-सात तासांत एकदा पण शू नाही, रडताना डोळ्यात पाणी नाही, तोंड आतून चिकट लागतंय, किंवा ती शांत बसलेली असताना टाळू आत गेल्यासारखी दिसतेय, तर मग पाणी खरंच कमी पडतंय, आणि तेव्हा टोपणं मोजत बसायचं नाही, अंगावर पाजत-पाजत डॉक्टरकडं न्यायचं. जुलाब लागले तर तर हिशोबच वेगळा, तेव्हा साधं पाणी पुरत नाही, पुडीवर लिहिलेल्या मापानं ओआरएस करायचं, प्रत्येक पातळ शीनंतर 50 ते 100 मिली, चमच्या-चमच्यानं, आणि अंगावरचं चालूच ठेवायचं.

आता सिपर. त्या सिपरचं झाकण उघडून बघ, तोंडाच्या खालच्या बाजूला रबराचा एक छोटा पडदा किंवा बूच बसवलेलं असेल. तो व्हॉल्व्ह. पाणी सांडू नये म्हणून असतो, पण त्याच्यामुळं जोरात ओढल्याशिवाय पाणी येतच नाही, आणि तुझी पोरगी अंगावर पिणारी, तिला हे प्लास्टिक ओढायचं असतं हे कसं कळणार? म्हणून ती चावते, शिवाय ह्याच सुमाराला दात शिवशिवतात. तिचं काही चुकत नाहीये. आणि समजा जमलं तरी ते बाटली ओढल्यासारखंच झालं, पेल्यानं पिणं तिला शिकायचंय ते राहूनच जातं. दुकानदार तो "अँटी स्पिल" म्हणून जास्त पैशाला देतो, त्यात फायदा आपल्या सोफ्याचा आहे, लेकराचा नाही.

तुझ्या घरात भातुकलीतलं छोटं स्टीलचं फुलपात्र असेल बघ, नसलं तर भांड्याच्या दुकानात अगदी बारकं मिळतं, 40-50 मिलीचं. ते घे, काठ गोल वळलेला पाहिजे, धारदार नको. मोठ्या ग्लासानं ठसका का लागतो सांगते. ग्लासाचं तोंड मोठं असतं, पाणी तळाशी थोडंच असतं, ते ओठाला लागायला ग्लास खूप वाकडा करावा लागतो, मग लेकराची मान मागं जाते आणि पाणी एकदम लोंढ्यासारखं घशात येतं. मान मागं अन् लोंढा, दोन्ही मिळून ठसका ठरलेलाच. छोटं फुलपात्र जवळजवळ काठोकाठ भरलं तर नुस्तं टेकवलं तरी पाणी ओठाला लागतं, वाकडं करावंच लागत नाही. लोक उलटं करतात, सांडेल म्हणून तळाला थोडंसं घेतात.

करायचं कसं, तर तिला तुझ्या मांडीवर सरळ बसव, पाठ तुझ्या पोटाला टेकलेली, किंवा समोर कुणीतरी धरून बसू दे. आडवी घेऊन नाही, अर्धवट कलंडलेली पण नाही. हनुवटी जरा खालीच राहू दे. आधी दोन-तीन घास खाऊ दे. मग फुलपात्राचा काठ खालच्या ओठावर टेकव, दातांच्या जागी आत घालायचं नाही, ओठावरच, आणि इतकंच तिरकं कर की पाणी वरच्या ओठाला शिवेल. तिथंच थांब. ओतायचं नाही! ती ओठ पुढं करील, जीभ बाहेर काढून चाटल्यासारखं करील, थोडं आत ओढील. एक घोट गेला की फुलपात्र खाली घे, तिला गिळू दे, श्वास घेऊ दे, तिनं परत तोंड उघडलं तर परत. जेवणाला दोन-तीन घोट झाले की पुरे. पहिले आठ-दहा दिवस पोटात जाण्यापेक्षा झबल्यावरच जास्त जाईल, म्हणून लाळेरं बांध आणि खाली जुनं लुगडं टाक. ती फुलपात्राला हात लावायला येईल तर लावू दे, तुझा हात वर ठेव. वर्षाची होईपर्यंत हळूहळू स्वतः धरायला लागते, सांडत-सांडत.

थोडा ठसका सुरुवातीला लागतोच, खोकून ती पाणी बाहेर काढतेय म्हणजे तिची यंत्रणा नीट चालू आहे, पाठ थोपटत बसू नकोस अन् वर बघ वर बघ म्हणून मान पण मागं करू नकोस, पुढं झुकव, खोकू दे. पण रोज, प्रत्येक घोटाला ठसका, पिल्यावर आवाज घरघरतो, गळ्यात पाणी खळखळल्यासारखं वाटतं, किंवा पिताना ओठ निळे पडले, तर ते सवयीनं जाईल म्हणून वाट बघायची नाही, डॉक्टरला दाखवायचं. तुझ्या पत्रावरून मला तरी ते ग्लासाच्या लोंढ्याचंच वाटतंय.

आत्याबाई बोंडलं काढतील कदाचित, माळ्यावर असतंच प्रत्येक घरात. ते नको. त्याची चोच घशात पाणी ओतते, लेकराच्या हातात काहीच राहत नाही, आणि त्या चोचीच्या आतून हात फिरत नाही, घासता येत नाही, जुलाबाचं घर आहे ते. दुधाच्या बाटलीचं पण हेच. बाटलीची जाहिरात करायला आपल्याकडं 1992 च्या कायद्यानं बंदी आहे, ती काय उगाच केली नाही. स्टीलचं फुलपात्र राखेनं घासलं तरी स्वच्छ, साबणानं घासून खळखळून धुतलं, उकळत्या पाण्यात बुडवून काढलं की झालं.

पाणी कसलं द्यायचं हे तू विचारलं नाहीस पण आपल्या भागात ते विचारायलाच पाहिजे. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी, मधले दिवस टँकर नाहीतर बोअर, नाहीतर तो वीस लिटरचा थंड जार. ह्यातलं कुठलंही असो, पोरीचं पाणी वेगळं उकळायचं. चांगली खदखदून उकळी येऊ दे, मग मिनिटभर तशीच राहू दे, झाकण ठेवून निवू दे, त्याच भांड्यात ठेव, दिवसाचं दिवसाला संपव आणि उरलेलं झाडाला घाल. पाणी काढताना हात किंवा पेला बुडवायचा नाही, ओगराळ्यानं काढायचं किंवा ओतून घ्यायचं. जारचं पाणी थंडगार असतं म्हणून स्वच्छ असतं असं नाही, ते कुणी कुठं भरलं कळत नाही. उन्हाळ्यात माठातलं गार द्यावंसं वाटतं, तर उकळून निवलेलं पाणी स्वच्छ माठात ठेवलं तर चालतं, फ्रिजचं नको.

पण उकळण्यानं जंतू मरतात, क्षार जात नाहीत, हे लक्षात ठेव. मराठवाड्यात काही भागांत बोअरच्या पाण्यात नायट्रेट अन् फ्लोराइड जास्त निघतं. उकळून-उकळून पाणी आटलं की उलट त्यांचं प्रमाण वाढतं, म्हणून दहा-दहा मिनिटं उकळत ठेवायचं नाही. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर नको, फ्लोराइड एकच्या आत बरं, दीडच्या वर तर नकोच. तुमचं बोअरचं पाणी असेल तर एकदा तपासून घ्या, ग्रामपंचायतीत तपासणीचं किट असतं, आणि भूजल सर्वेक्षणवाल्यांच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. जास्त निघालं तर त्या बोअरचं पाणी पोरीला आणि तिच्या शिजवायच्या खिचडीला वापरायचं नाही, आरओचं वापर, नाहीतर नळाचं साठवून उकळून.

पाण्यात काही घालायचं नाही. साखर नको, मीठ नको, मध तर वर्ष होईपर्यंत बिलकुल नको, ग्राइप वॉटर नको, फळांचा ज्यूस पण नको. धने-जिऱ्याचं पाणी, बडीशेपेचं पाणी, "उष्णता कमी होते" म्हणून देतात, ते पण कशाला? गोड चव लागली की साधं पाणी घ्यायला मागं-पुढं करतात ही लेकरं, आणि दात यायच्या आधीच गोडाची सवय.

शी घट्ट होतेय त्याचं कारण पाणी कमी हे असेलच असं नाही. वरचं सुरू केलं की आधीची पिवळी पातळ शी बदलून जरा दाट होतेच, वास पण बदलतो, ते चालतं. मऊ गोळा येतोय, ती जोर लावून लाल होते पण शेवटी मऊच निघतंय, तर ते बद्धकोष्ठ नाही. खड्यासारखी, शेळीच्या लेंडीसारखी येतेय, रडतेय, रक्ताची रेघ दिसतेय, तर ते बद्धकोष्ठ. तसं असेल तर दोन वाट्या पाणी ओतून फरक पडणार नाही, खाणं बदल. कच्चं केळं, बिस्किटाचा लगदा देत असशील तर थांबव. पिकलेली पपई कुस्करून, शिजवलेला लाल भोपळा, मुगाच्या खिचडीत चमचाभर तूप, एवढ्यानं चार-पाच दिवसांत मऊ व्हायला लागते. पाण्याचे चार घोट जास्त दिले तर चालतील. रक्त दिसलं किंवा आठवडाभर तसंच राहिलं तर दाखव.

सिपर फेकू नकोस, पैसे गेलेत तुझे. तो व्हॉल्व्ह काढून टाक, मग नुस्तं वाकडं केलं की पाणी येतं, प्रवासात, एसटीत बसल्यावर उपयोगी पडतो, तिथं फुलपात्र कुठं धरणार हेलकाव्यात. फक्त रोज सगळे भाग सुटे करून धू, त्या तोंडाच्या भोकात बारीक ब्रश घालून, काळे ठिपके दिसले की ते तोंड फेकून द्यायचं, आपल्या क्षाराच्या पाण्यानं आत पांढरी पुटं चढतात त्यात बुरशी बसते. सात-आठ महिन्यांनंतर स्ट्रॉचा कप आणलास तरी चालेल, स्ट्रॉत थोडं पाणी घेऊन वरून बोट दाबून धरायचं, तिच्या ओठात टोक द्यायचं अन् बोट सोडायचं, दोन-चार दिवसांत कळतं तिला की इथून पाणी येतं.

आणि आत्याबाईंचं असं कर. रोज सकाळी त्यांच्याच हातानं सहा टोपणं पाणी एका झाकणाच्या भांड्यात मोजून काढून घे, आणि म्हण, आत्या, हिला जेवताना फुलपात्रानं पाणी पाजायचं काम तुमचं, मला काही ते जमत नाही, माझ्या हातून सांडतंच. घोट गेला की फुलपात्र खाली घ्यायचं, एवढं एक त्यांना दाखवून ठेव. उन्हात पोरीला पाणी मिळतंय हे त्यांना डोळ्यानं दिसेल, माप भांड्यातलं असेल, आणि तुझे दोन्ही हात खिचडीला मोकळे.